पुतळ्याजवळचे दुकान, नकाशावर

स्टोअर लोकेटर म्हणजे फ्रँचायझी साखळीच्या वेबसाइटवरचा तो भाग, जिथे गिऱ्हाईक गावाचे, भागाचे नाव किंवा पिनकोड टाकून जवळचे दुकान शोधते. त्यात तीन तऱ्हेची पाने असतात: शोधायचे पान, प्रत्येक शहराचे पान आणि प्रत्येक दुकानाचे स्वतंत्र पान. शोधायच्या पानावर नकाशा ठळक दिसतो, म्हणून पुष्कळ कंपन्या कामाची सुरुवात नकाशापासून करतात. गिऱ्हाइकाचे प्रश्न मात्र साधे असतात. दुकान नेमके कुठे आहे, आत्ता उघडे आहे का, फोन कुठे करायचा, आणि हवी ती वस्तू तिथे मिळते का. या प्रश्नांची उत्तरे दुकानांच्या नोंदवहीत असतात, नकाशा ती फक्त दाखवतो. नोंदवही चुकली की नकाशा तीच चूक रंगीत करून दाखवतो.

उदाहरणासाठी चहा-नाश्त्याची एक काल्पनिक साखळी घेऊ. तिची दुकाने चाळीस: पुण्यात नऊ, मुंबई-ठाण्यात चौदा, गोव्यात चार, साताऱ्यात एक आणि बाकीची महाराष्ट्रभर पसरलेली. नाव, पाककृती आणि माल मुख्य कार्यालयाचा. गाळा, नोकर आणि गल्ला ज्याने फ्रँचायझी घेतली त्याचा. त्यामुळे पत्ता लिहिण्याची पद्धतही ज्याची त्याची. कोथरूडच्या दुकानाचा करारातला पत्ता ‘गाळा क्र. ४, तळमजला, कर्वे रस्ता, कोथरूड, पुणे ४११०३८’ असा आहे. बिलावर ‘कर्वे पुतळ्याजवळ, पुणे ३८’ छापलेले असते. घरपोच खाणे पोचवणाऱ्या ॲपवर ‘Kothrood’ आहे आणि गुगलच्या नकाशावर ‘Kothrud’. फोनही तीन: जुना लँडलाइन, मालकाचा मोबाइल आणि मधल्या काळात कोणी कारागिराने नोंदवलेला स्वतःचा नंबर. माणसाला हे सगळे एकच दुकान आहे हे कळते. यंत्राला ते कळेलच असे नाही. नाव, पत्ता आणि फोन जुळले नाहीत तर एका दुकानाच्या दोन नोंदी तयार होतात, एकीवर अभिप्राय साचतात आणि दुसरीवर चुकीची वेळ राहून जाते.

म्हणून पहिले काम म्हणजे प्रत्येक दुकानाला एक कायमचा सांकेतिक क्रमांक देणे. गुगलच्या व्यवसाय-नोंदींतही ‘स्टोअर कोड’ नावाचा रकाना याच कामासाठी असतो. या क्रमांकात शहर किंवा भाग कोंबण्याचा मोह होतो, ‘PUNE-KOTHRUD-1’ असा. तो टाळलेला बरा. दुकान उद्या वारज्याला हलले तर क्रमांक खोटा ठरतो, आणि तो बदलला की जुन्या सगळ्या नोंदींशी असलेला धागा तुटतो. ‘S0107’ सारखा, ज्यातून काहीच अर्थ निघत नाही असा क्रमांक सगळ्यात टिकाऊ.

त्यानंतर पत्ता. तो एका लांब ओळीत न ठेवता तुकड्यांत ठेवावा लागतो: गाळा आणि इमारत, रस्ता, खूण, भाग, शहर, राज्य, पिनकोड. आपल्याकडे खुणेला स्वतंत्र रकाना हवाच. परदेशी बनावटीच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये तो बहुधा नसतो, मग ‘पुतळ्याजवळ’ हे शब्द रस्त्याच्या रकान्यात घुसतात किंवा थेट दुकानाच्या नावाला चिकटतात. नावाला काहीच चिकटू द्यायचे नाही. पाटीवर जे नाव आहे तेच सगळीकडे. ‘कोथरूडमधला सर्वोत्तम चहा’ अशी शेपटी जोडली तर ती गुगलच्या नियमांतही बसत नाही. रस्त्याच्या नावाचा मात्र निर्णय घ्यावा लागतो. पुण्यातला फर्ग्युसन रस्ता कागदोपत्री नामदार गोपाळ कृष्ण गोखले रस्ता आहे, आणि रिक्षावाल्याला विचारायचे तर तो एफसी रोड. दाखवायला एकच रूप निवडावे, लोकांच्या तोंडी असलेले, आणि उरलेली रूपे शोधासाठी त्याच नोंदीत पर्यायी नावे म्हणून ठेवावीत. मराठी आणि इंग्रजी पत्ते दोन्ही माणसाने तपासून लिहावेत. यंत्राकडून लिप्यंतर करून घेतले की ‘कोथरुद’ निघण्याची शक्यता असते.

खाद्यपदार्थांच्या साखळीला पडताळणीसाठी आणखी एक सोय आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक जागेगणिक वेगळा असतो आणि तो बिलावर छापावा लागतो. दोन दुकानांच्या नोंदीत एकच क्रमांक आढळला, तर एक नोंद दुसरीवरून उतरवलेली आहे हे उघड होते. असले लांब आकडे एक्सेलमध्ये ठेवताना रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्यायला हवा. नाहीतर देशाच्या कोडसह बारा अंकी झालेला मोबाइल नंबर ‘9.19E+11’ असा दिसू लागतो आणि पुण्याच्या ०२० मधले पहिले शून्य गळून पडते. वेबसाइटवर फोन +91 ने सुरू होणाऱ्या रूपातच द्यावा, म्हणजे बाहेरगावच्या किंवा परदेशातल्या फोनवरूनही बोट लावताच तो लागतो.

एवढे झाले की दुकानाचे पान जवळजवळ आपोआप तयार होते. पानावर माणसाला दिसणारा मजकूर आणि शोधयंत्रासाठी पानात ठेवलेली माहिती, दोन्ही एकाच नोंदीतून निघाली पाहिजेत. ही दुसरी माहिती schema.org च्या ठरलेल्या शब्दांत लिहितात. कोथरूडच्या दुकानाची नमुन्यादाखल नोंद अशी दिसेल:

```json
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "CafeOrCoffeeShop",
  "branchCode": "S0107",
  "address": {
    "@type": "PostalAddress",
    "streetAddress": "Shop 4, Karve Road",
    "addressLocality": "Pune",
    "postalCode": "411038",
    "addressCountry": "IN"
  },
  "geo": {
    "@type": "GeoCoordinates",
    "latitude": 18.50170,
    "longitude": 73.81370
  }
}
```

यात वेळा घातलेल्या नाहीत, कारण वेळांचे प्रकरण निराळे आहे. सकाळी उघडण्याची एक आणि रात्री बंद होण्याची एक, अशा दोन रकान्यांत काम भागेल असे सुरुवातीला वाटते. मग गोव्यातले दुकान येते. तिथे बरीच दुकाने दुपारी एक ते चारच्या सुमारास बंद असतात, त्यामुळे एका दिवसाला दोन पाळ्या लिहिण्याची सोय लागते. मग मुंबईतले, रात्री दीडपर्यंत चालणारे दुकान येते. त्याची बंद होण्याची वेळ तारीख ओलांडून जाते, आणि नीट विचार न करता लिहिलेला प्रोग्रॅम रात्री बाराच्या ठोक्याला गजबजलेले दुकान ‘बंद’ दाखवू लागतो. त्यावर साप्ताहिक सुट्टी, आणि तिच्याही वर सणांचे खास दिवस. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानाला अनंत चतुर्दशीचा दिवस नेहमीच्या वेळापत्रकात बसवताच येत नाही. विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि रस्ता वाहनांना बंद असतो. त्याच दिवशी कोथरूडचे दुकान नेहमीसारखे उघडे असू शकते. म्हणून खास दिवसांची यादी साखळीची एक आणि प्रत्येक दुकानाची वेगळी, अशी दोन पातळ्यांवर ठेवावी लागते. दोन्हींत तंटा झाला तर दुकानाची यादी खरी धरायची.

‘आत्ता उघडे आहे’ या हिरव्या शब्दांत आणखी एक खोच आहे. पान लवकर उघडावे म्हणून सर्व्हर त्याची तयार प्रत साठवून ठेवतो. सकाळी दहाला साठवलेल्या प्रतीत ‘उघडे आहे’ लिहिलेले असेल तर रात्री अकरालाही तेच दिसते. उपाय असा की पानात फक्त वेळापत्रक ठेवायचे आणि ‘उघडे की बंद’ हा निर्णय वाचणाऱ्याच्या फोनवर, तेही भारतीय प्रमाणवेळेनुसार, घ्यायचा. दुबईहून आईसाठी दुकान शोधणाऱ्याच्या घड्याळावर विसंबून चालत नाही.

आता नकाशा. दुकानाची जागा अक्षांश आणि रेखांश या दोन आकड्यांत लिहितात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून दशांश चिन्हापुढे चार स्थळे घेतली तर नेम अकरा मीटरच्या आसपास बसतो, पाच घेतली तर एक मीटरच्या. दुकानाला पाच पुरतात. अडचण अंकांच्या संख्येची कमी आणि ते मिळवण्याच्या रीतीची जास्त असते. चाळीस पत्ते एकदम यंत्राला दिले की त्याला न कळलेला पत्ता ते मुकाट्याने पिनकोडच्या किंवा शहराच्या मध्यावर टेकवून देते. ओळखायची खूण सोपी आहे: दोन दुकानांचे आकडे तंतोतंत सारखे निघतात, किंवा आकडा दोन-तीन स्थळांतच संपतो. दुसरी हमखास चूक म्हणजे दोन्ही आकड्यांची अदलाबदल. कोथरूड साधारण १८.५ उत्तर, ७३.८ पूर्व असे आहे. आकडे उलटे भरले तर दुकान नॉर्वेच्याही उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात जाऊन पडते. ही चूक निदान लगेच दिसते. महाराष्ट्राचे अक्षांश ढोबळमानाने १५.६ ते २२.१ आणि रेखांश ७२.६ ते ८०.९ या मर्यादेत बसतात, तेव्हा या चौकटीबाहेरची नोंद स्वीकारायचीच नाही, एवढा साधा पहारा पुरतो. गोव्यासाठी वेगळी चौकट लागते. पन्नास मीटरची चूक मात्र असल्या पहाऱ्यातून निसटते, आणि पन्नास मीटर म्हणजे कर्वे रस्त्याची पलीकडची बाजू. त्यामुळे खूण अखेर माणसानेच, दुकानाच्या दारात उभे राहून फोनवर टोचावी हे उत्तम.

‘जवळचे दुकान’ ठरवताना बहुतेक लोकेटर पृथ्वीच्या गोलाईवरून सरळ रेषेतले अंतर काढतात. शहरात ते बऱ्यापैकी चालते, किनाऱ्यावर फसते. गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्याचा धक्का सरळ रेषेत सुमारे चौदा किलोमीटर आहे. रस्त्याने पेणवरून जायचे तर अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास जाते. अलिबागच्या बाजूला साखळीचे दुकान असेल, तर कुलाब्यातल्या गिऱ्हाइकाला ते बोरिवलीच्या दुकानाच्या आधी सुचवले जाईल, आणि मध्ये समुद्र आहे हे लोकेटरला ठाऊकही नसेल. प्रत्येक शोधाला रस्त्याचे अंतर मागवणे खर्चाचे असते. मधला मार्ग असा, की सरळ रेषेने आधी पाच-सहा दुकाने निवडायची आणि फक्त तेवढ्यांचेच रस्त्याचे अंतर काढून क्रम लावायचा. गिऱ्हाइकाची जागा त्याच्या फोनला विचारायची तीही त्याने ‘माझ्या जवळचे’ या बटणाला हात लावल्यावरच. पान उघडताक्षणी परवानगीची खिडकी समोर आली की पुष्कळ जण ती नाकारतात, आणि एकदा नाकारली की ब्राउझर सहसा पुन्हा विचारत नाही. इंटरनेट जोडणीवरून गाव ओळखण्याची युक्ती मोबाइलवर भरवशाची नसते. कोल्हापुरात बसलेला माणूस तिला मुंबईत दिसू शकतो.

नकाशा आणि शोधचौकट कितीही छान असली तरी शोधयंत्र त्या चौकटीत ‘कोथरूड’ टाइप करायला येत नाही. ते एका पानावरच्या दुव्यावरून पुढच्या पानावर जाते. दुकानाचे पान फक्त शोधल्यावरच उघडत असेल तर गुगलच्या लेखी ते नसल्यात जमा. म्हणून राज्य, शहर, दुकान अशी पायऱ्यांची वाट साध्या दुव्यांनी बांधावी लागते, आणि पानाचा पत्ताही त्याच वाटेने जातो: `/maharashtra/pune/kothrud-karve-putala`.

या वाटेतली मधली पायरी, म्हणजे शहराचे पान, सगळ्यात जास्त बिघडते. एक मजकूर लिहायचा आणि फक्त ‘पुणे’च्या जागी ‘नाशिक’, ‘सोलापूर’, ‘नांदेड’ घालत सुटायचे, ही नेहमीची रीत. जिथे दुकानच नाही अशा गावांचीही पाने मग तयार होतात. गावोगावची अशी पोकळ पाने काढून सगळ्यांना एकाच ठिकाणी नेणे गुगलच्या नियमांत गैरप्रकार म्हणून नोंदलेले आहे. पण नियम बाजूला ठेवला तरी वाचणाऱ्याच्या हाती त्यातून काय लागते? पुण्याच्या पानावर पुण्याचे खरे काम व्हायला हवे. नऊ दुकाने भागांनुसार मांडलेली, त्यांतली कोणती पहाटे सहाला उघडतात, कुठे बसायला जागा आहे आणि कुठे उभ्यानेच चहा घ्यावा लागतो, गाडी कुठे लावता येते, कोणत्या दुकानातून घरपोच मिळते. हे सगळे नोंदवहीतच असते, शहराचे पान ते गोळा करून शेजारी शेजारी मांडते. शहराच्या इतिहासावर दोन परिच्छेद लिहून पान भरण्याची गरज नसते. शनिवारवाड्याची माहिती वाचायला चहाच्या दुकानाच्या पानावर कोणी येत नाही.

साताऱ्यात दुकान एकच. तिथे शहराचे पान आणि दुकानाचे पान एकमेकांची नक्कल ठरतात. अशा वेळी `/maharashtra/satara/` हा पत्ता राखून ठेवून तिथून थेट त्या एका दुकानाच्या पानावर पाठवावे, आणि पाठवणी ‘तात्पुरती’ या खुणेची, म्हणजे 302 ठेवावी. दुसरे दुकान निघाले की शहराचे पान उघडते. कायमची पाठवणी 301 ने करतात, आणि तिचा खरा उपयोग शहराचे नाव बदलते तेव्हा होतो. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव २०२३ मध्ये झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये. पानाचे नाव आणि पत्ता बदलायचा, जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमची पाठवणी करायची, आणि जुनी नावे शोधाच्या यादीत ठेवायची, कारण टाइप करणारा त्याच्या सवयीचेच नाव टाकतो. ‘नगर’ एवढेच लिहिणाऱ्यालाही अहिल्यानगर सापडले पाहिजे.

शहराची हद्द कुठवर, हा प्रश्न महापालिकेच्या नकाशाने सुटत नाही. पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी आहे, पण वाकडचे दुकान पुण्याच्या पानावर नसेल तर बाणेरच्या माणसाला जवळचे दुकान दिसणार नाही. दुकानाचे पान एकच ठेवावे, त्याचा पत्ताही एकच, पण त्याचा उल्लेख दोन्ही शहरांच्या पानांवर यायला हरकत नसते. याउलट वडगावसारखे नाव एकट्या पुण्याच्या परिसरात अनेक जागी आहे: वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक आणि मावळातले वडगाव. शोधणाऱ्याने नुसते ‘वडगाव’ लिहिले तर लोकेटरने अंदाज न बांधता तिन्ही समोर ठेवावीत.

नोंदवही एकदा भरणे सोपे, ती खरी ठेवणे अवघड. कोणी काय बदलायचे याची वाटणी स्पष्ट असावी लागते. नाव, पत्ता आणि नकाशावरची खूण मुख्य कार्यालयाच्या हाती. वेळा, सुट्ट्या आणि ‘आज गॅस नाही, फक्त चहा’ असल्या सूचना दुकानदाराच्या हाती, त्याला फोनवरून अर्ध्या मिनिटात भरता येतील अशा. दुकानदाराला लॉगिन देऊन आठ रकान्यांचा फॉर्म समोर टाकला तर तो भरत नाही, व्हॉट्सॲपवर निरोप टाकून मोकळा होतो. मग तो निरोप नोंदवहीत चढवणारे एक माणूस मुख्य कार्यालयात नेमलेले असले तरी चालते, पण ते नेमलेले असले पाहिजे. गुगलवरची नोंदही मुख्य कार्यालयाच्या मालकीची असावी आणि दुकानदाराला त्यात व्यवस्थापक म्हणून घ्यावे. दहा किंवा जास्त दुकाने असतील तर गुगलकडे सगळ्यांची पडताळणी एकत्र करून घेता येते. दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवरून नोंद उघडलेली असेल, तर फ्रँचायझी सोडताना ती नोंद आणि तिच्यावरचे अभिप्राय त्याच्याबरोबर जातात.

फोनचेही तसेच. सिमकार्ड दुकानदाराच्या नावावर असेल तर करार संपल्यावरही गिऱ्हाइकांचे फोन त्यालाच येत राहतात, आणि त्याने शेजारीच दुसऱ्या नावाने चहा सुरू केला असेल तर त्याची त्याबद्दल काही तक्रार नसते. नंबर कंपनीच्या नावावर घेऊन दुकानाला वापरायला देणे हाच उपाय. सहा महिन्यांतून एकदा सगळ्या नंबरांवर फोन करून पाहावा. चाळीस दुकानांना तो एका दुपारचा धंदा आहे, आणि त्यातून चुकीच्या वेळाही कळतात, कारण दुकान उघडे असायला हवे त्या वेळी फोन कोणी उचलत नाही. गुगलवर कोणीही परका ‘दुकान बंद झाले’ अशी दुरुस्ती सुचवू शकतो आणि ती कधी कधी स्वीकारलीही जाते. म्हणून गुगलवरच्या नोंदी आपल्या नोंदवहीशी ठरलेल्या वारी ताडून पाहाव्या लागतात.

दुकान हलले तर सांकेतिक क्रमांक तोच राहतो, पत्ता आणि खूण बदलते, आणि बदल कोणत्या तारखेपासून हे आधीच भरून ठेवता येते, म्हणजे पाटी हलते त्या सकाळी पानही हलते. दुकान कायमचे बंद झाले तर त्याचे पान त्याच दिवशी पुसून टाकणे गैरसोयीचे. लोक जुन्या दुव्यावरून येतच असतात. काही महिने त्या पानावर ‘हे दुकान बंद झाले आहे’ असे स्वच्छ लिहून जवळच्या दोन दुकानांचे पत्ते द्यावेत, नकाशातून आणि शोधातून ते काढावे, गुगलवर ‘कायमचे बंद’ अशी खूण करावी. पुढे जुन्या पत्त्यावरून शहराच्या पानावर 301 ने पाठवणी करायची. त्या दुकानाचा क्रमांक पुन्हा कोणालाही द्यायचा नाही. त्याच गल्लीत वर्षभराने नवा माणूस नवे दुकान काढतो तेव्हा त्याला नवा क्रमांक मिळतो, आणि जुन्या दुकानाबद्दलच्या तक्रारी त्याच्या पानावर चढत नाहीत.